पातेल्यातून वाटीत : आमटीतल्या कॅलरी आणि प्रथिनांचा हिशेब

एका पातेल्यातील सगळ्या जिन्नसांच्या कॅलरी आणि प्रथिने यांची बेरीज करणे सोपे असते. ती बेरीज एका वाटीपर्यंत नीट आणणे अवघड जाते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या गावात रोजचे जेवण ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी आणि शेंगदाण्याचे कूट यांच्याभोवती फिरते. डाळ शिजताना भरपूर पाणी पिते, कूट आणि तेल थोडेसे दिसले तरी कॅलरींत भारी पडतात आणि भाकरी वाळली की हलकी होते. त्यामुळे डॉक्टरांनी प्रथिने वाढवायला किंवा वजन उतरवायला सांगितले, की घरोघर मांडल्या जाणाऱ्या हिशेबात चूक होते ती बहुधा वाटणीत.

सर्वांत मोठी चूक अशी. तक्त्यात 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 21.7 ग्रॅम प्रथिने दिलेली असतात. आमटीची वाटी काट्यावर 150 ग्रॅम भरते. दोन्हींचा गुणाकार केला की एका वाटीत 32 ग्रॅमांहून जास्त प्रथिने निघतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दोन वाट्या आमटीत दिवसाची गरज भागून वर शिल्लक राहते. हे वाचूनच शंका यायला हवी. तक्त्यातला आकडा कोरड्या डाळीचा आहे आणि वाटीत बहुतेक पाणीच आहे. आजारातून उठलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. कागदावर प्रथिने पुरेशी दिसतात, म्हणून दूध, अंडे किंवा उसळ वाढवण्याचे कुणाच्या मनातच येत नाही.

बरोबर हिशेब कच्च्या वजनावर सुरू होतो आणि शिजलेल्या वजनावर संपतो. सहा माणसांच्या एका घरातली आमटी घेऊ. डाळ भिजवण्याआधी, कोरडी, 250 ग्रॅम मोजली. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट 80 ग्रॅम होते. तेलाची बाटली फोडणीआधी आणि फोडणीनंतर काट्यावर ठेवली तेव्हा 50 ग्रॅमांचा फरक निघाला. पळ्या मोजण्यापेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची, कारण पळी कधी काठोकाठ भरते, कधी अर्धी. कांदा सोलल्यानंतर 150 ग्रॅम, टोमॅटो 100 ग्रॅम, शिवाय लसूण आणि काळे तिखट.

तक्त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे कोष्टक चांगले. त्यात एक खाचखळगा मात्र आहे. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तूरडाळीसमोर 1,384 च्या आसपासचा आकडा दिसतो. त्याला 4.184 ने भागले की 331 किलोकॅलरी येतात आणि आपण बोलताना ज्याला नुसते कॅलरी म्हणतो ते हेच. न भागता लिहिले तर आमटी चौपट जड होते. ही चूक पकडण्याची सोपी खूण आहे. एक ग्रॅम शुद्ध चरबीतून सुमारे 9 कॅलरी मिळतात आणि प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थांतून सुमारे 4. म्हणून 100 ग्रॅम कोणत्याही खाद्यपदार्थासमोर 900 हून मोठा आकडा आला, तर तो कॅलरींचा नाही असे खुशाल समजावे.

आता बेरीज. डाळीच्या 828 कॅलरी आणि 54 ग्रॅम प्रथिने. कुटाच्या 416 कॅलरी आणि 19 ग्रॅम प्रथिने. तेलाच्या 450 कॅलरी, प्रथिने शून्य. कांदा, टोमॅटो, लसूण आणि तिखट मिळून अंदाजे 130 कॅलरी आणि 5 ग्रॅम प्रथिने. पाण्याचे आणि मिठाचे काही नाही. एकूण सुमारे 1,825 कॅलरी आणि 78 ग्रॅम प्रथिने. तेल आणि कूट मिळून वजनाने डाळीच्या निम्मेच आहेत, पण कॅलरी डाळीहून जास्त देतात. वजन उतरवू पाहणाऱ्याने इथेच थांबून पाहावे. डाळ कमी करण्यात त्याचा फायदा नाही, प्रथिनेच जातील.

पातेले रिकामे असतानाच त्याचे वजन करून भिंतीवर किंवा वहीत टिपून ठेवावे. आमटी चुलीवर चढल्यावर ही आठवण होऊन उपयोग नसतो. या घरातले पातेले 1,150 ग्रॅमचे, आमटीसकट 3,100 ग्रॅमचे. म्हणजे आमटी 1,950 ग्रॅम. किती पाणी ओतले आणि किती आटले याची चौकशी करण्याची गरज उरत नाही, काट्याने ती परस्पर करून टाकलेली असते. एकूण आकड्यांना 1,950 ने भागून 150 ने गुणले, की एका वाटीत 140 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिने येतात. मघाच्या 32 च्या जागी 6.

सहा माणसे म्हणून एकूणाला सहाने भागण्याचा मोह होतो. माणशी 13 ग्रॅम प्रथिने येतात आणि भागाकार चुकलेलाही नसतो. पण शेतातून आलेला माणूस तीन वाट्या घेतो आणि म्हातारी आजी एक. सरासरी कुणाच्याच ताटात पडत नाही. ज्याच्यासाठी हिशेब चालला आहे त्याची वाटी काट्यावर ठेवावी, रिकामी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग वाढावे. वाढण्याआधी पळी तळापर्यंत घालून ढवळणे मात्र आवश्यक, कारण डाळ खाली बसते आणि तर्री वर तरंगते. वरवर काढलेल्या वाटीत तेल जास्त आणि प्रथिने कमी येतात, तळाच्या वाटीत उलटे. काटा दोन्ही वाट्यांना 150 ग्रॅमच म्हणतो.

संध्याकाळी तीच आमटी ऊन होते तेव्हा सकाळचा आकडा चालत नाही. दुपारनंतर 900 ग्रॅम उरली असेल, तर तिच्यात 842 कॅलरी आणि 36 ग्रॅम प्रथिने आहेत. पेलाभर पाणी घालून उकळल्यावर ती 1,000 ग्रॅम भरली, तर भागायचे ते या 1,000 ने. वाटीला 126 कॅलरी आणि 5.4 ग्रॅम प्रथिने येतात. उकळताना प्रथिने कुठे जात नाहीत, बदलते ते पाणी.

भाकरीला हीच रीत लावली तर फसगत होते. 500 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 1,670 कॅलरी आणि 50 ग्रॅम प्रथिने असतात. सात भाकऱ्या झाल्या तर एकीला 239 कॅलरी आणि 7 ग्रॅम. पण भाकरी थापताना परातीत भुरभुरलेले पीठही यात धरावे लागते, म्हणून पिठाचा डबा थापण्याआधी आणि नंतर मोजावा. सोलापूरकडे कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकवतात. ती वाळली की पाणी उडून वजन घटते. त्यामुळे 100 ग्रॅम कडक भाकरीतल्या कॅलरी 100 ग्रॅम मऊ भाकरीहून बऱ्याच जास्त निघतात, आणि तरीही एका भाकरीतल्या कॅलरी बदललेल्या नसतात. म्हणून भाकरीचा हिशेब नगावर ठेवावा, आमटीचा वजनावर.

दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नसतो. डाळीचे वाण, जमीन आणि साठवण यांनुसार प्रथिने कमीजास्त होतात, कोष्टकातले आकडे सरासरीचे असतात. वाटीतल्या 6 ग्रॅमांचा अर्थ साडेपाच ते साडेसहा एवढाच घ्यावा.