आधी गाणं वर्गाचं, मग नाव मुलाचं

जूनच्या मध्यावर नर्सरी सुरू झाली की बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी मुलाला उभं करून ‘तुझं नाव सांग’ म्हणतात. तीन वर्षांचं मूल अशा वेळी गप्प होतं किंवा रडू लागतं. म्हणून पहिले दोन दिवस नाव त्याच्याकडून वदवून घेऊ नका. ते इतरांनी म्हणायचं आणि त्याने फक्त ऐकायचं.

त्याआधी पालकांना घरी कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारून घ्या. दाखल्यावर ‘अन्वी’ असलेली मुलगी घरी ‘चिऊ’ असेल, तर ‘अन्वी’ला ती वळूनही बघणार नाही. पहिल्या आठवड्यात ‘चिऊ अन्वी’ असं जोडून म्हणा.

वर्गात पंचवीस मुलं असतील तर दोन गोल करा. एक तुमच्याबरोबर, दुसरा मावशींबरोबर कणकेचे गोळे करत, आणि मग अदलाबदल. सगळी एकत्र बसवली तर दहाव्या नावापर्यंत निम्मी उठून खिडकीशी गेलेली असतात.

सोमवारी आणि मंगळवारी एकच चाल ठेवा:

‘गोलात आमच्या कोण बसलं?
चिऊ अन्वी बसली!
टाळी तिला देऊ चला,
अ-न्वी, अ-न्वी!’

शेवटच्या ओळीत नावाच्या तुकड्यांवर टाळ्या द्यायच्या: अन्वीला दोन, आरोहीला तीन. मुलगा असेल तर ‘बसला’ आणि ‘त्याला’ म्हणा. रडणारं मूल मावशींच्या मांडीवर असलं तरी त्याचं नाव गाण्यात आलंच पाहिजे. त्याने टाळी दिली नाही तरी चालेल.

बुधवारी प्रत्येकाने एक कृती निवडायची. अन्वी बेडूकउडी मारते, कबीर पोटावर हात फिरवतो, आणि नाव घेताना सगळ्यांनी तीच कृती करायची. मुलांना आधी कृती लक्षात राहते. ‘ती उडीवाली’ असं कोणी म्हणालं की लगेच ‘हो, उडीवाली अन्वी’ एवढंच म्हणा. एखाद्याला कृती सुचलीच नाही तर दोन दाखवून त्यातली एक निवडायला सांगा. वर्गात दोन आरव असतील तर ‘छोटा-मोठा’ करू नका, कृतीवरूनच वेगळे ओळखा.

गुरुवारी मऊ चेंडू आणा. फेकायचा नाही, जमिनीवरून सरकवायचा. ‘चेंडू चालला कुणाकडे? कबीरकडे!’ आता नाव मूल स्वतः घेतं. अडलं तर तुम्ही ‘क...’ एवढंच म्हणून थांबा. ‘कबील’ म्हणालं तर दुरुस्त न करता पुढच्या ओळीत तुम्ही ‘कबीर’ नीट म्हणा. काही मुलं चेंडू फक्त ओळखीच्या एकाकडेच सरकवतात. त्यांच्या शेजारी उद्या दुसऱ्याला बसवा.

ओढणीखाली लपून ‘कोण नाही?’ ओळखण्याचा खेळ पहिल्या आठवड्यात टाळलेला बरा. काही मुलं अंधाराला घाबरतात. त्याऐवजी शुक्रवारी खरोखर गैरहजर असलेल्याचं नाव गाण्यात घ्या आणि ‘आज कुठे गेला?’ म्हणा.

नावं बसली की नाही हे गोलात कळत नाही, कारण तिथे सगळी एकमेकांमागून बोलतात. डब्याच्या वेळी कान द्या. ‘कबीर, सरक ना’ असं ऐकू आलं तर काम झालं. ‘ए’ म्हणूनच हाक मारत असतील, तर पुढच्या सोमवारी चेंडूपासून पुन्हा सुरू करा.