नोंदी शुद्ध केल्यावर नफा कमी का दिसतो?

दिल्लीच्या करोल बागेतील तयार कपड्यांच्या एका दुकानाचे उदाहरण कल्पू. गतवर्षी तेथे ६० लाख रुपयांची विक्री, ४८ लाखांचा मालाचा खर्च, ७ लाखांचा इतर खर्च आणि ५ लाखांचा नफा दाखविला गेला. विक्रीच्या नोंदी तपासून शुद्ध केल्यानंतर नफा अडीच लाखांवर आला. विक्री जेमतेम ४ टक्क्यांनी घटली असताना नफा निम्मा कसा झाला, हा मालकाचा प्रश्न रास्तच आहे.

तपासणीत तीन दोष आढळले. कार्डाने झालेली १ लाख २० हजारांची विक्री एकदा बिलावरून व पुन्हा कार्डयंत्राच्या यादीवरून लिहिली गेली होती. ग्राहकांनी परत केलेला ४० हजारांचा माल वजा करण्याऐवजी विक्रीत मिळविला गेला होता. येथे दुरुस्ती ८० हजारांची होते, कारण चुकून मिळविलेली रक्कम काढावी लागते आणि मूळ विक्रीही रद्द करावी लागते. तिसरा दोष वस्तू व सेवा कराचा. साडेदहा लाखांची बिले करासह विक्री म्हणून नोंदली होती. कर ५ टक्के असल्यास त्यातील ५० हजार रुपये सरकारचे देणे ठरतात. (साडेदहा लाखांचे ५ टक्के काढणे ही परीक्षेतील नेहमीची चूक, येथे रकमेला १०५ ने भागून ५ ने गुणावे लागते.) एकूण घट अडीच लाखांची.

मालाचा खर्च मात्र बदलला नाही. तो आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, असा प्रत्यक्ष मोजणीवरून काढलेला होता. परत आलेले कपडे फळीवर होते, म्हणून ते मोजणीत आलेच होते. त्यामुळे विक्रीतील सगळी घट थेट नफ्यावर आली. संगणक प्रत्येक बिलागणिक खर्च लावीत असता, तर दुबार विक्रीबरोबर तिचा दुबार खर्चही निघाला असता आणि त्या दोषापुरता नफा केवळ फरकाइतका घटला असता.

मालकाच्या गल्ल्यातून यात एक रुपयाही गेलेला नाही. दुबार लिहिलेले पैसे बँकेत कधी आलेच नव्हते. बँकेच्या विवरणपत्राशी ताळा घातला असता तर हे वर्षभर आधीच कळते.

शुद्धीकरणही चुकू शकते. एकाच दिवशी दोन ग्राहक ४९९ रुपयांचा तोच सदरा घेतात, आणि केवळ तारीख व रक्कम जुळली म्हणून एक नोंद पुसली, तर खरी विक्री नाहीशी होते. म्हणून बिल क्रमांक पाहिल्यावाचून नोंद काढू नये.

परत आलेल्या मालावर भरला गेलेला जादा कर कमी करून घेण्यास मुदत आहे. त्याची जमापत्रे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरल्यास तोपर्यंत, दाखवावी लागतात. दोष त्यानंतर उघडकीस आल्यास ही वाट बंद होते.