ताटात केस निघाला तर

मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी भोजनालय चालवणाऱ्याने गिऱ्हाईक ओरडेल तेव्हा बघू, असं म्हणून बसू नये. इथली बरीचशी माणसं ओरडतच नाहीत. खेड्यातून तहसीलच्या कामाला आलेला माणूस ताट थोडं पुढे सरकवतो, हात धुतो, पैसे देतो आणि निघून जातो. बंगाली वस्तीतला एखादा दादा मासळीचा काटा काढावा तसा केस काढून ताटाच्या कडेला लावतो, आणि मग भात नुसताच चिवडत राहतो. म्हणून वाढपी पोराला सर्वांत आधी शिकवायचं ते हे: चालता हात थांबला, अंगठा आणि तर्जनी काहीतरी चिमटीत धरून एकमेकांवर घासू लागली, की त्या टेबलाकडे जायचं. हाक येण्याची वाट पाहायची नाही.

जवळ गेल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य माफीचं असावं, आणि ते हळू आवाजात असावं. "माफ करा जी भाऊ, ताट उचलतो, दुसरं आणतो." एवढंच. केस कुणाचा, कुठून आला, यावर एक शब्द नको. "आमच्याकडे असं होत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक खोटारडं ठरतं. "तुमचाच पडला असेल" म्हटलं तर भांडण आपणच ताटात वाढलं. एका मालकाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आमचा आचारी तर टकला हाय!" सगळं भोजनालय हसलं, गिऱ्हाईकही हसलं, आणि परत काही आलं नाही.

कधी कधी तो केस नसतोही. तांदळाच्या पोत्याचा धागा असतो, सुतळीचा तंतू असतो, झाडूची काडी असते. तरी टेबलावर ते सिद्ध करायला जाऊ नये. पोत्याचा धागा आहे हे कळल्यावर कुणाची भूक परत येत नाही. मात्र भांडी घासायच्या तारेचा तुकडा दिसला, तर गोष्ट केसापेक्षा गंभीर आहे. तो घशात रुततो. गिऱ्हाईकाने काही गिळलं का, हे तिथल्या तिथे विचारावं, आणि ते भांडं लगेच बाजूला काढावं.

आता ताट उचलणं. आपल्या बोटांनी केस काढून "निघाला, आता खा" म्हणणं ही सगळ्यांत वाईट चूक. तो उजेडात धरून पाहणं ही दुसरी. गिऱ्हाईकाचा हात उष्टा असतो, त्यामुळे ताट त्याला उचलायला लावू नये. आपण दोन्ही हातांनी, वाट्यांसकट, सगळंच उचलावं. केस भाजीत होता म्हणून फक्त भाजीची वाटी बदलायची, वरण आणि पोळी तशीच ठेवायची, हा हिशेब आपल्याला पटतो, जेवणाऱ्याला पटत नाही. ज्या हाताने केस चिमटीत धरला त्याच हाताने पुढे जेवायला त्याला नको वाटतं, म्हणून हात धुवायची जागा दाखवावी किंवा टेबलाशीच तांब्याने पाणी घालावं. तेवढ्यात दुसरं ताट लावता येतं.

ताट घेऊन आत निघण्याआधी एक प्रश्न विचारावा: "तेच आणू का दुसरं काही देऊ?" किळस आलेल्या माणसाला पुन्हा तोच रस्सा नको असतो, पण तो आपणहून सांगत नाही. त्याला उकडलेली अंडी, केळी किंवा बंद बाटलीतलं थंड चालतं, कारण ते आपल्या हातचं नसतं. म्हणूनच भरपाई म्हणून स्वयंपाकघरातली खीर फुकट नेऊन ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. ज्या घरावरचा विश्वास उडाला त्याच घरचं गोड तो कसं खाईल?

आत गेल्यावर ताट लगेच ओतून देऊ नये. केस नीट पाहावा, कारण नवं ताट कुठून वाढायचं ते त्यावर ठरतं. केस कोरडा, वरच पडलेला असेल तर तो बहुधा वाढताना किंवा ताट पुसताना आला. तशा वेळी भांडं ठीक असतं, वाढणारा बदलावा. केसाला मसाला चिकटलेला असेल, तो भाजीत गुंतलेला किंवा पोळीत लाटला गेला असेल, तर तो शिजवताना आला. मग त्या पातेल्यातलं त्या गिऱ्हाईकाला पुन्हा वाढू नये, आणि पळीने तळापासून ढवळून पाहिल्याशिवाय दुसऱ्यालाही नको. दुसरा केस सापडला तर पातेलं बंद.

खरं तर पातेल्यात उकळलेल्या एका केसाने कुणी आजारी पडण्याची शक्यता फार थोडी. नंतर पडलेल्या केसासोबत घाम आणि कातडीवरचे जंतू येऊ शकतात, पण इथेही मुख्य दुखणं किळसेचंच. हे आपल्याला माहीत असावं, गिऱ्हाईकाला सांगू नये.

पोराला आत रागावणंही टाळावं. पडद्यामागचं सगळं बाहेर ऐकू येतं, आणि आपल्यामुळे पोराला बोलणी बसली म्हणून जेवणारा आणखी अवघडतो.

नवं ताट पूर्ण भरलेलं असावं, त्याने अर्धं खाल्लं होतं तरीही. ते वरून झाकून आणावं आणि त्याच्यासमोर उघडावं. पोळी गरम व्हायला वेळ लागणार असेल तर आधीच सांगावं, म्हणजे सोबतचे लोक हात आखडून बसत नाहीत.

कुणी मोबाइल काढला तर हात आडवा घालू नये. "काढा फोटो जी, मग ताट नेतो," म्हणून शांत उभं राहावं. तक्रारीचा त्याला हक्क आहे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नात बाहेरचा पदार्थ निघाल्यास एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोंदणीचा कागद दिसेल असा लावणं आपल्यावर बंधनकारक आहे. तो भिंतीवर असला की बोलणं बरंच सौम्य राहतं.

पैशाचा विषय गल्ल्यावर, आणि गिऱ्हाईकाने काढायच्या आधी आपण काढावा. समजा चौघे जेवले, ताट १२० रुपयांचं, बिल ४८०. ज्या ताटात केस निघाला त्याचे १२० वजा करून ३६० घ्यावेत. बदलून दिलेल्या ताटाचे पैसे लावू नयेत. चौघांचं माफ करा म्हणाला तर, इतर तीन ताटं व्यवस्थित संपली असतील तेव्हा मी नम्रपणे नाही म्हणेन. पण कुणी किळसेने जेवण अर्धवट टाकून उठलं असेल, तर त्याच्याही ताटाचे घेऊ नयेत. आणि ज्याने काही न बोलता ताट सरकवलं होतं, त्यालाही तेच वजा करून द्यावं. तो "राहू द्या जी" म्हणेल, तरी.

गिऱ्हाईक गेल्यावर आत जावं आणि कुणाच्या डोक्याला रुमाल नव्हता ते पाहावं. बहुधा जी बाई पीठ मळते तिचा पदर घसरलेला असतो, कारण चुलीपुढे तो टिकत नाही. तिला मागे गाठ मारलेला रुमाल द्यावा. तोच माणूस पुढच्या खेपेला आला, तर त्याचं ताट बाहेर जाण्याआधी आपण डोळ्यांखालून घालावं, आणि त्याच्याशी त्या दिवसाचा विषय काढू नये.