बेगम बाजारची फेरी : एका प्रवासखर्चाचा हिशेब

वसतिगृहाच्या मेससाठी भांडी आणायला सोलापुराहून हैदराबादच्या बेगम बाजारात जायचे ठरले तेव्हा गाडी माझी आणि खर्चाचा अंदाजही माझाच होता. अंतर एका बाजूने ३१०, जाऊन-येऊन ६२० किलोमीटर. गाडीच्या पुस्तकात लिटरमागे २० किलोमीटर लिहिलेले. म्हणजे ३१ लिटर, १०५ रुपये दर धरून ३२५५. वाटेत चार टोलनाके, प्रत्येकी १०० धरून दोन्ही वेळचे ८००. पार्किंगला ५०. एकूण ४१०५ रुपये मी लिहून दिले आणि तेवढेच मंजूर झाले. प्रत्यक्ष खर्च ५४८० झाला. वरचे १३७५ रुपये मेसचा चिटणीस असलेल्या विद्यार्थ्याने आपल्या खिशातून भरले. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणूनच चूक नेमकी कोठे झाली हे शोधणे मला भाग पडले.

सर्वांत मोठी चूक पेट्रोलची. पुस्तकातला आकडा ठरावीक चाचणीतला. रस्त्यावरचा आपणच काढावा लागतो. टाकी पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरताना जितके लिटर लागतील त्यांनी मधल्या अंतराला भागावे. अर्धी टाकी भरून काट्यावरून केलेला हिशेब फसवा असतो. या रीतीने माझ्या गाडीचे आकडे असे निघाले : मोकळ्या महामार्गावर १८, शहराच्या गर्दीत १०, परतताना भांड्यांच्या ओझ्याने तेच १५ आणि ८.

आता या चारांची सरासरी काढावी असा मोह होतो. ती येते पावणेतेरा. तिने ६२० ला भागले तर सुमारे ४८.६ लिटर होतात, आणि हेही चूकच. प्रत्येक तुकड्याचे लिटर वेगळे काढून मग बेरीज करायची असते. महामार्गाचे २७० किलोमीटर आणि पटणचेरूच्या अलीकडून बाजारापर्यंत गर्दीचे ४० असे धरले, तर जाताना १५ आणि ४, येताना १८ आणि ५, म्हणजे ४२ लिटर. खर्च ४४१० रुपये. गाडीचा खरा आकडा ६२० भागिले ४२, म्हणजे पावणेपंधराच्या आसपास.

दर मात्र मी सर्वत्र एकच धरला आहे, आणि तो तसा नसतो. या रस्त्यावर महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण अशी तीन राज्ये लागतात व प्रत्येकाचा कर निराळा. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तर कर्नाटकात त्याहून कमी. म्हणून हुमनाबादला टाकी भरली की हैदराबादहून पुन्हा तेथवर परत येता येते. आमच्या कन्नड विभागाचे एक प्राध्यापक हे फार पूर्वीपासून करीत आले आहेत. मला मात्र हे परतल्यावर कळले!

टोलचा भाग गमतीचा आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांत परतणाऱ्या गाडीला दोन्ही वेळचे मिळून दीडपट शुल्क पडते. मला वाटले होते, आपण एक रात्र राहणार, तेव्हा सवलत गेलीच. पण चोवीस तास प्रत्येक नाक्याचे वेगळे मोजले जातात. सोलापूरजवळचा फुलवाडीचा नाका आम्ही सकाळी सहाला ओलांडला, आणि हैदराबादकडचा कमकोलचा साडेनऊला. दुसऱ्या दिवशी सहालाच कमकोलला परत आलो : साडेवीस तास, सवलत मिळाली. फुलवाडीला पोहोचेतो साडेनऊ वाजले : साडेसत्तावीस तास, सवलत नाही. मधल्या दोनांपैकी मंगलगीला तेवीस तास भरले, तलमोडला साडेपंचवीस. म्हणजे दोन नाक्यांवर १५०, दोनांवर २००, एकूण ७००. उशीर झाला की सवलत आधी घराजवळच्या नाक्यावर जाते, ती या कारणाने.

१५ ऑगस्ट २०२५ ला खासगी मोटारींसाठी वार्षिक पास निघाला, तेव्हा तो ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडू देत होता. म्हणजे नाक्यामागे १५ रुपये. पण आमच्यासारख्या फेऱ्या वर्षाला पाच झाल्या तरच तो पुरतो, चार झाल्या तर २८०० चाच टोल होतो.

राहिले पार्किंग. बेगम बाजाराच्या गल्ल्यांत हातगाड्या आणि मालाचे टेंपो यांतून मोटार शिरली तरी थांबवायची कोठे? ती दूर लावावी लागली. सहा तासांचे ताशी २० प्रमाणे १२०, रात्री लॉजच्या आवारात १००, आणि दुकानापासून गाडीपर्यंत भांडी आणणाऱ्या हातगाडीवाल्याचे १५०. ही शेवटची रक्कम पार्किंगच्या नावाखाली कोणी लिहीत नाही, पण गाडी दूर लावल्यामुळेच ती द्यावी लागते. एकूण ३७०.

४४१०, ७०० आणि ३७० मिळून ५४८०. किलोमीटरमागे ८ रुपये ८४ पैसे पडले. हाच हिशेब पावत्यांसह कार्यालयात दिला आहे; चिटणिसाचे पैसे मंजूर होईपर्यंत ते मी त्याला दिले.