पावसाळ्यात दार का अडतं?

प्रश्न : पाचगणीत आमचं जुनं घर आहे. जुलै लागला की न्हाणीघराचं सागवानी दार चौकटीत अडतं, जुन्या कपाटाचे खणही ओढता येत नाहीत. सुतार म्हणतो, रंधा मारून टाकू. वाईला बहिणीकडे याच सुतारानं केलेलं दार मात्र बारा महिने नीट लागतं. असं का? रंधा मारावा का?
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : रंधा आत्ता मारू नका. आधी दार नेमकं कुठे अडतंय ते पाहा.

लाकूड वाळलं तरी हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. ओलावा पेशींच्या भिंतींत शिरला की त्या जाड होतात. मात्र लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते आडव्या अंगानं. सागवानात ओलावा एका टक्क्यानं वाढला, तर रुंदी साधारण 0.2 टक्के वाढते. उन्हाळ्यात दारात 9 टक्के ओलावा असेल आणि ऑगस्टपर्यंत तो 17 वर गेला, तर ही वाढ 1.6 टक्के होते. तुमच्या दाराच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी 10 सेंटिमीटर धरल्या, तर दोन्ही मिळून सुमारे 3 मिलिमीटर फुगतात. मधली फळी खाचेत मोकळी बसवलेली असेल तर ती आतल्या आत फुगते. चौकटीशी फट दोनच मिलिमीटर ठेवली असेल, तर दार अडणारच. अखंड फळ्या जोडून केलेल्या दारात सगळी रुंदीच फुगते, म्हणून ते याहून जास्त त्रास देतं.

वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथं पाऊस पाचगणीपेक्षा खूपच कमी पडतो, आणि आठवडेच्या आठवडे ढगात राहण्याची वेळ घरावर येत नाही. पाचगणीत पाऊस थांबला तरी धुकं खिडकीतून आत येतं. दार एकाच सुताराचं असलं तरी हवा वेगळी आहे.

आता तपासणी. चौकटीच्या कडेला खडू घासा, दार हळूच लावा, उघडा. दाराच्या कडेवर खडू कुठे लागला ते दिसेल. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखा लागला, तर लाकूड फुगलं आहे. फक्त वरच्या कोपऱ्यात लागला आणि दार खाली उंबऱ्यालाही घासत असेल, तर बहुधा दार लोंबलं आहे. यात दोष पावसापेक्षा वरच्या बिजागरीचा. दार थोडं उघडून कडीकडून वर उचला. बिजागरीपाशी हालचाल जाणवली की खात्री होते. ढिले स्क्रू नुसते पिळून उपयोग नाही, कारण भोकाची पकडच गेलेली असते. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावून सागाची खुंटी ठोका, रात्रभर वाळू द्या, आणि मग आधीपेक्षा लांब, दोन इंची स्क्रू बसवा. निम्मी दारं एवढ्यानंच सुटतात, असं माझं मत आहे.

दार खरोखर फुगलं असेल, तर बिजागरीच्या बाजूची फट पाहा. ती तीन-चार मिलिमीटर असेल, तर चौकटीतली बिजागरीची खाच पटाशीनं एक मिलिमीटर खोल करा. दार तेवढं तिकडे सरकतं आणि कडीकडे जागा होते. खाच सगळ्या बिजागऱ्यांना सारखीच हवी, नाहीतर दार तिरकं होतं. त्यानंतर कडी भोकात बसेनाशी झाली, तर दार हलवू नका. भोकाची पट्टी कानशीनं जराशी घासा.

इतकं करूनही जागा मिळाली नाही, तर रंधा लागेलच, पण एप्रिल-मेमध्ये. आत्ता ओल्या लाकडावर रंधा धागे उचकटतो आणि उघड्या कडेवर रंग धरत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये, दार सर्वांत घट्ट असताना, कुठे किती घासतंय त्याची पेन्सिलनं खूण करून ठेवा. मेमध्ये त्या खुणेपर्यंतच रंधा मारा आणि लगेच कड रंगवा. त्याच वेळी दार उतरवून त्याची वरची आणि खालची कड पाहा. ती बहुतेक घरांत कोरीच असते, आणि उभ्या पट्ट्यांची टोकं तिथंच उघडी पडलेली असतात. लाकूड टोकाकडून पाणी सर्वांत वेगानं पितं. तिथं ऑइल पेंटचे दोन हात द्या. रंग ओलावा पूर्ण थांबवत नाही, पण वेग इतका कमी करतो की पावसाळा संपेपर्यंत लाकूड पूर्ण फुगत नाही.

खणाचं गणित याहून सोपं. त्याच्या बाजूच्या फळ्यांचे धागे आडवे, पुढून मागे धावतात. म्हणून खण उंचीत फुगतो आणि वरच्या कडेला अडतो, रुंदीत नाही. सध्या खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा. उन्हाळ्यात बाजूच्या फळ्यांची वरची कड दोन मिलिमीटर कमी करा. नवं फर्निचर करणार असाल, तर टेलिस्कोपिक चॅनेल बसवून घ्या. त्यासाठी खणाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 13 मिलिमीटर मोकळी जागा ठेवावीच लागते आणि लाकडावर लाकूड घासत नाही.

खण पार्टिकल बोर्डचा असेल, तर यातलं काही उपयोगी पडत नाही. पाण्यानं फुगलेला बोर्ड वाळला तरी पुन्हा मूळ जाडीवर येत नाही; तो बदलावाच लागतो.