भेग वाढतेय की ऋतूप्रमाणे उघडमीट करतेय?

लंडनच्या बऱ्याच भागाखाली चिकणमाती आहे. उन्हाळ्यात झाडं तिच्यातलं पाणी ओढतात, ती आक्रसते आणि भिंतीतली भेग रुंदावते. हिवाळ्यात माती फुगली, की भेग मिटत येते.

भेगेवर लावलेला प्लास्टरचा ठिपका तडकला, तर हालचाल झाली एवढंच कळतं. किती आणि कुठल्या दिशेला, ते नाही. ते टेल-टेल दाखवतं: भेगेच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या, एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्या, एकीवर मिलिमीटरची जाळी, दुसरीवर फुली.

समजा, भेग सप्टेंबरात ४ मिमी होती, फेब्रुवारीत २.५. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा ४ भरली, तर ही ऋतूंची ये-जा. ५.५ भरली आणि उन्हाळा नेहमीसारखाच होता, तर हालचाल थांबलेली नाही. म्हणून वर्षभर दरमहा नोंद करा आणि सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशीच करा.