अपठित उतारा : मध्यवर्ती कल्पना आणि उताऱ्यापुरते उत्तर

पुढील उतारा वाचा : ‘गावात विहिरी वाढत गेल्या, तसतसे पाणी खोल गेले. प्रत्येकाने आपली विहीर आणखी खोदली. पण खालचे पाणी सर्वांचे एकच होते.’

येथे ‘पाणी’ हा केवळ विषय होय. मध्यवर्ती कल्पना म्हणजे त्या विषयासंबंधीचे लेखकाचे म्हणणे. ते पूर्ण वाक्यात लिहावे. ‘पण’नंतर लेखकाचा भर दिसतो. म्हणून : ‘विहिरी ज्याच्या त्याच्या असल्या, तरी पाणी सामाईक असते.’

प्रश्न : पाणी खोल का गेले? ‘पाऊस घटल्यामुळे’ हे उत्तर व्यवहारात संभवते. परंतु उताऱ्यात पावसाचा उल्लेखच नाही. ‘विहिरी वाढल्यामुळे’ या उत्तराला पहिल्या वाक्याचा आधार आहे. ज्या विधानाला असा आधार दाखवता येत नाही, ते उत्तरातून वगळावे.